ट्रेनिंगनंतर रिजेक्शन उतरलं, पण ते ट्रेनिंगमुळे का?

पत्र: मी मच्छेच्या एका फाउंड्रीत एचआर बघतो. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मोल्डिंग आणि पोअरिंगच्या २२ कामगारांना कास्टिंगमधले दोष कमी करण्याचं दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलं. ट्रेनर पुण्याहून आले होते. फीडबॅक ५ पैकी ४.७ आला, शेवटच्या टेस्टची सरासरी २० पैकी १६. ऑगस्टमध्ये रिजेक्शन ७.८ टक्के होतं, ऑक्टोबरमध्ये ६.१ वर आलं. मला वाटलं जमलं. पण मालक म्हणतात, "एक लाख ऐंशी हजार गेलेत. रिजेक्शन ट्रेनिंगमुळेच उतरलं हे सिद्ध करून दाखव, मग दुसऱ्या गटाचं बघू." काय दाखवू? दोन्ही गटांचे महिन्याचे तक्ते जोडले आहेत.
— एक वाचक, बेळगाव

उत्तर:

मालकांचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं अर्धंअधिक उत्तर तुमच्या तक्त्यांतच आहे. फक्त ते ७.८ आणि ६.१ या एकूण आकड्यांत नाही. ते दोन गटांच्या फरकात आहे, आणि तो फरक तुम्ही अजून काढलेला दिसत नाही.

आधी ऑगस्ट आणि ऑक्टोबर या महिन्यांबद्दल बोलू. बेळगावचा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. ऑगस्टमध्ये नवी वाळू ओली येते, शेड कितीही झाकली तरी हवेतला दमटपणा कोअरमध्ये शिरतो, आणि सँड प्लांटवरच्या माणसाला ओलावा साडेतीन टक्क्यांच्या आसपास धरून ठेवायला दिवसभर झगडावं लागतं. ओलावा वाढला की रस ओतताना साच्यात वाफ जास्त होते, ती बाहेर पडायला वाट मिळाली नाही की कास्टिंगमध्ये ब्लो होल येतात. ऑक्टोबरमध्ये पाऊस सरतो, वाळू सुधारते आणि रिजेक्शन आपोआप थोडं उतरतं. कोणी काही शिकलं नसतं तरी ते उतरलंच असतं. म्हणून ऑगस्ट-ऑक्टोबरची सरळ तुलना मालकांपुढे ठेवू नका. ते जुने फाउंड्रीवाले असतील तर पहिल्याच मिनिटाला विचारतील, "अरे, पाऊस गेला ना?" आणि तिथेच तुमचं बोलणं संपेल.

आता तुमच्याकडे जे चांगलं आहे ते. तुमच्याकडे दोन गट आहेत. ट्रेनिंग फक्त एका गटाला मिळालं, दुसऱ्याला उत्पादन थांबेल म्हणून सोडता आलं नाही. दोन्ही गट दर आठवड्याला पाळी बदलतात, एकाच भट्टीचा रस ओततात, एकाच सँड प्लांटची वाळू वापरतात आणि तक्त्यावरून पार्टही जवळपास तेच बनवतात. पाऊस गेल्याचा फायदा दोघांनाही सारखाच मिळाला. म्हणजे ट्रेनिंग न मिळालेला गट आपोआप तुमचा ताळा झाला. नवीन यंत्रणा उभारून मिळवावी लागते ती गोष्ट तुम्हाला अडचणीतून फुकट मिळाली आहे.

तक्ता असा वाचा. ट्रेनिंग झालेल्या गटाचं रिजेक्शन ७.९ वरून ५.७ वर आलं, म्हणजे २.२ ने उतरलं. न झालेल्या गटाचं ७.७ वरून ६.५ वर आलं, म्हणजे १.२ ने. हे १.२ पावसाच्या आणि इतर सगळ्या समान कारणांच्या खात्यावर टाका. उरला एक टक्का. ट्रेनिंगला जास्तीत जास्त एवढ्याचंच श्रेय मागता येईल.

पण तिथेही लगेच थांबू नका, दोषांप्रमाणे फोड करा. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं ते मुख्यतः तीन गोष्टींबद्दल: साचा मिटण्याआधी आतली सुटी वाळू फुंकून काढणं, लॅडलवरचा मळ काढूनच ओतणं, आणि थंड रस न ओतणं. यांच्याशी जोडलेले दोष म्हणजे वाळू अडकणं, स्लॅग अडकणं आणि कोल्ड शट. तुमच्या तक्त्यात हे तिन्ही मिळून ट्रेनिंगच्या गटात ३.४ वरून १.९ वर आलेत, दुसऱ्या गटात ३.३ वरून २.६ वर. फरकातला फरक ०.८. ब्लो होलमध्ये दोन्ही गट जवळपास सारखेच उतरलेत, कारण तिथे मुख्य काम हवामानाने केलं. मिसमॅच, श्रिंकेज वगैरे बाकीचे दोष दोन्ही गटांत १.९ वरून हललेच नाहीत, आणि हलायचं कारणही नव्हतं, ट्रेनिंगमध्ये तो विषयच नव्हता. मला ही फोड फार मोलाची वाटते. जे शिकवलं त्याचेच दोष उतरले आणि जे शिकवलं नाही ते तिथेच राहिले, हे ज्याला भट्टीचं काम कळतं त्याला लगेच पटतं.

आता पैशाचं गणित. इथे मी ०.८ धरेन, एक नाही. दर गट महिन्याला १५० टन ओततो, म्हणजे १.२ टन, १२०० किलो कास्टिंग दर महिन्याला वाचलं. ते विक्रीच्या भावाने मोजू नका, ही चूक फार ठिकाणी होते. खराब कास्टिंग फेकलं जात नाही, पुन्हा भट्टीत जातं, त्यामुळे लोखंड परत मिळतं. गेली ती वीज, वाळू, बाईंडर, मजुरी, फेटलिंग. तुमच्या अकाउंट्सकडून तो खरा आकडा घ्या. मी हिशेब दाखवण्यापुरता किलोला ४५ रुपये धरतो, म्हणजे महिन्याला ५४ हजार. खर्चाच्या बाजूला एक लाख ऐंशी हजारांत कामगारांचे दोन दिवसांचे पगार धरलेले दिसत नाहीत. २२ जणांच्या ४४ हजेऱ्या, सातशे रुपयांनी सुमारे ३१ हजार. म्हणजे खर्च दोन लाख दहा हजारांच्या आसपास, आणि फरक असाच टिकला तर साधारण चार महिन्यांत पैसे परत. "टिकला तर" हे दोन शब्द मालकांना सांगताना गाळू नका. एका महिन्याच्या आकड्यावर वर्षाचं गणित मांडणं धोक्याचं आहे.

आणखी एक अडचण आहे. तुमचा तक्ता फाउंड्रीत पकडलेल्या रिजेक्शनचा आहे. पृष्ठभागाखालची स्लॅग किंवा वाळू ग्राहकाकडे मशीनिंग झाल्यावर उघडी पडते, आणि ते रिजेक्शन तुमच्याकडे कित्येक आठवड्यांनी परत येतं. ऑक्टोबरचा माल खरोखर कसा होता हे डिसेंबरच्या आसपास कळेल. तेव्हा परत आलेल्या मालाचा हीट नंबर पाहून तो कोणत्या गटाने ओतला होता हे शोधा आणि मगच तक्ता पूर्ण झाला असं समजा.

इथवर आपण शेवटच्या पायरीचं बोललो. विस्कॉन्सिन विद्यापीठातले डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९-६० मध्ये एका लेखमालेत ट्रेनिंग तपासण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: लोकांना कसं वाटलं, काय शिकले, कामात काय बदललं आणि धंद्यात काय दिसलं. त्यांच्या मते शेवटच्या पायरीवर पक्की सिद्धता बहुधा मिळत नाही, त्यामुळे भक्कम पुरावा मिळाला तरी समाधान मानावं. मालक "सिद्ध कर" म्हणतात तेव्हा तुम्ही त्यांना पुरावा देऊ शकता. पण हा पुरावा भक्कम होण्यासाठी मधली कडी लागते, आणि तुमच्याकडे नेमकी तीच नाही. शिकलेली माणसं कामाच्या जागी वेगळं वागली का, हे कोणी पाहिलेलंच नाही. रिजेक्शन उतरलं आणि वागणं बदललं नसेल, तर उतरण्याचं कारण दुसरंच आहे.

हे पाहायला रिकामा वेळ आणि वही पुरते. ट्रेनिंगमधून चार-पाच कृती अशा निवडा की लांबून बघणाऱ्यालाही "केलं" किंवा "नाही केलं" एवढंच लिहिता यावं. "क्वालिटीबद्दल जागरूक आहे" असलं काही लिहू नका, ते कुणाला दिसत नाही. दिसतं ते असं: प्रत्येक लॅडलवरचा मळ ओतण्याआधी काढला का, पायरोमीटरची दांडी बुडवून तापमान घेतलं का, ठरलेल्या तापमानाखालचा रस परत भट्टीत नेला का, पोअरिंग कप ओतून होईपर्यंत भरलेला राहिला की धार तुटली, साचा मिटण्याआधी फुंकला का. दोन्ही गटांचे वीस-वीस लॅडल बघा, वेगवेगळ्या वेळी. रात्रपाळीचे शेवटचे दोन तास नक्की घ्या, माणसाची खरी सवय तेव्हा दिसते. बघणारा त्यांचा सुपरवायझर नसावा. तो उभा राहिला की सगळेच नियमाने वागतात.

तापमानाचं रजिस्टर बघताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. समजा एखाद्या पार्टसाठी किमान १३७० अंश ठरलंय. रजिस्टरमध्ये सलग १४००, १४००, १३९०, १४०० असे गोल आकडे दिसले, तर दांडी बहुधा रसात गेलेलीच नाही असं समजा. खरी मोजणी १३८७, १४०२, १३७४, १३९६ अशी वेडीवाकडी येते, आणि लॅडल जसजसा रिकामा होतो तसतशी खाली सरकते. शिवाय १३७० च्या खालची एकही नोंद संपूर्ण महिन्यात नसेल, तर एकतर भट्टी अचूक आहे किंवा थंड लॅडल रजिस्टरमध्ये येतच नाहीत. दांडीच्या टोकाला लावायच्या थर्मोकपलच्या टिप थोड्याच वेळा चालतात, म्हणून स्टोअरमधून त्या महिन्याला किती निघाल्या ते विचारा. दिवसाला पन्नास नोंदी आणि महिन्याला चाळीस टिप असं निघालं तर ताळा तिथेच लागला.

आणि समजा तुम्हाला असं दिसलं की ट्रेनिंग झालेला गट तापमान घेतो, पण थंड लॅडल परत नेत नाही. बहुतेक ठिकाणी हेच दिसतं. तेव्हा लगेच "शिकवलेलं डोक्यात शिरलं नाही" असं म्हणू नका. पोअररला विचारा, आणि एकट्याला विचारा. "साहेब, परत न्यायला गेलं तर मेस्त्री ओरडतो, बॉक्स कमी होतात, इन्सेंटिव्ह बॉक्सवर आहे." हे उत्तर आलं तर त्याला पुन्हा ट्रेनिंग देऊन काय साधणार? त्याला माहीत आहे, करायचीही इच्छा आहे, पण करू दिलं जात नाही. शिकलेलं कामात उतरायला माणसाची तयारी लागते, काय आणि कसं करायचं ते माहीत असावं लागतं, त्याचा साहेब त्याला आडवा यायला नको आणि करून काहीतरी हाती लागायला हवं, असं कर्कपॅट्रिक सांगतात. पहिल्या दोन गोष्टी ट्रेनर देऊ शकतो. नंतरच्या दोन फक्त तुम्ही आणि तुमचे मालक देऊ शकता. इन्सेंटिव्ह ओतलेल्या बॉक्सऐवजी फेटलिंगनंतर पास झालेल्या बॉक्सवर लावला तर वागणं महिन्याभरात फिरेल असा माझा कयास आहे. हे मालकांना सांगायला अवघड जाईल, कारण त्यात त्यांचंच धोरण निघतं. तरी सांगा.

नोव्हेंबरच्या निरीक्षणात आणखी एक गोष्ट सांभाळा. भाताची सुगी सुरू झाली की खानापूरकडचे आणि येळ्ळूरकडचे कितीतरी कामगार आठ-दहा दिवस शेतात असतात. त्यांच्या जागी हेल्पर ओततात, ज्यांनी ट्रेनिंग पाहिलेलंच नाही. हजेरी न बघता नोव्हेंबरचा तक्ता काढलात तर "ट्रेनिंगचा असर ओसरला" असा खोटा निष्कर्ष निघेल. म्हणून त्या दिवशी लॅडल कोणाच्या हातात होता ते नोंदवा.

आता पहिल्या दोन पायऱ्या, ज्यांचे आकडे तुम्ही आधी पाठवलेत. ४.७ चं फार काही करता येणार नाही. १९९७ मध्ये अ‍ॅलिगर आणि सहकाऱ्यांनी आधीचे अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा दिसलं की ट्रेनिंग किती आवडलं याचा शिकण्याशी जवळपास संबंध नसतो. "हे माझ्या कामाला उपयोगी पडेल" या उत्तराचा थोडा अधिक संबंध असतो. त्यातही तुमचा फॉर्म इंग्रजीत होता आणि सुपरवायझरने वाचून दाखवून भरून घेतला असं तक्त्याच्या टिपेत लिहिलंय. साहेबासमोर कोण तीन देणार? पुढच्या वेळी फॉर्म मराठीत आणि कानडीत करा, नाव लिहायला लावू नका आणि दोनच प्रश्न ठेवा: उद्यापासून लाइनवर काय वेगळं कराल, आणि ते करताना काय आड येईल? दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं वाचा. मेस्त्री, इन्सेंटिव्ह, टिप संपणं हे सगळं तिथेच मिळालं असतं, सप्टेंबरमध्येच.

टेस्टच्या सोळा गुणांची अडचण वेगळी आहे. ट्रेनिंगच्या आधी टेस्ट घेतली नव्हती, त्यामुळे सोळातले किती आधीपासून होते ते कळत नाही. पंधरा-वीस वर्षं रस ओतणाऱ्या माणसाला बरंच आधीच माहीत असतं. मागे जाता येणार नाही, पण तीच टेस्ट आता दुसऱ्या गटाला द्या. त्यांना साडेपंधरा मिळाले तर पहिल्या गटाने दोन दिवसांत फारसं नवीन शिकलेलं नाही. दहा-अकरा मिळाले तर शिकण्याला पुरावा आहे. टेस्ट कागदावर न घेता टेबलावर घेतली तर आणखी बरं. स्क्रॅपमधून आठ खराब कास्टिंग काढा, नंबर लावा आणि एकेकाला विचारा की हे काय आहे आणि कशामुळे झालं. ब्लो होलची आतली भिंत गुळगुळीत असते, श्रिंकेजची खडबडीत. स्लॅगच्या खड्ड्यात काचेसारखा चमकणारा तुकडा सापडतो, वाळूच्या खड्ड्यात दाणे. ज्याला हा फरक हाताने ओळखता येतो तो शिकलाय. लिहिता-वाचता कमी येणाऱ्यांनाही ही टेस्ट पूर्ण न्याय देते, आणि मराठी-कानडीचा प्रश्नही राहत नाही.

मालकांना मी काय सांगेन, तर असं. आतापर्यंतचा पुरावा ट्रेनिंगच्या बाजूने आहे, मध्यम ताकदीचा आहे, आणि तो भक्कम करायला आठ आठवडे आणि जवळजवळ शून्य खर्च लागेल. दुसऱ्या गटाला ट्रेनिंग द्यावं, पण लगेच नाही. डिसेंबरअखेरपर्यंत दोन्ही गटांचं वागणं वर सांगितलं तसं मोजा, दुसऱ्या गटाची टेबलावरची टेस्ट घ्या, ग्राहकाकडून परत आलेला माल गटाप्रमाणे लावा. इन्सेंटिव्ह आणि टिपचा प्रश्न आधी सोडवायचा असेल तर तो दोन्ही गटांसाठी एकाच दिवशी सोडवा, नाहीतर ट्रेनिंगचा आणि त्याचा परिणाम वेगळा काढता येणार नाही. मग जानेवारीत दुसऱ्या गटाचं ट्रेनिंग. फेब्रुवारी-मार्चमध्ये पावसाचा प्रश्नच नाही. तेव्हा वाळू, स्लॅग आणि कोल्ड शटमधलं दोन गटांतलं अंतर मिटलं तर मालकांना दुसरा, पहिल्यापेक्षा जास्त वजनाचा पुरावा मिळेल, कारण एका गटाला ट्रेनिंग दिल्यावर फरक पडला आणि दुसऱ्यालाही दिल्यावर तो नाहीसा झाला. अंतर तसंच राहिलं तर दोन गटांत ट्रेनिंगखेरीज काहीतरी वेगळं आहे, बहुधा मेस्त्री, आणि पुढचे दोन लाख खर्च करण्याआधी तेच बघावं लागेल.

पहिल्या गटाला मधे, जानेवारीच्या आसपास, एकदा अर्धा तास लाइनवर उभं करून पुन्हा करून दाखवायला सांगा. रस ओतण्यासारख्या हाताच्या कामात जुनी सवय काही महिन्यांत परत येऊ शकते, आणि ती परत आली की नाही हे रिजेक्शनच्या तक्त्याआधी मळ न काढता ओतलेल्या लॅडलच्या संख्येत दिसतं. ती संख्या दर महिन्याला काढा. पुढच्या जुलैत पुन्हा वाळू ओली होईल, एकूण रिजेक्शन चढेल आणि कोणीतरी म्हणेल की ट्रेनिंग वाया गेलं. तेव्हा तुमच्याकडे गेल्या ऑगस्टचा दोषनिहाय तक्ता आणि ही संख्या, दोन्ही तयार असायला हवीत.